दुसऱ्यांसाठी जनहित याचिका

प्रश्न: मी स्वतः ऊसतोड मजूर नाही. आमच्या बीड जिल्ह्यातल्या मजुरांसाठी मला खंडपीठात याचिका करता येईल का?

हो, येईल, त्यात तुमचा खरोखर स्वार्थ नसेल तर. एरवी ज्याचा हक्क मोडला त्यानेच कोर्टात जायचं असतं. पण सहा महिने फडावर कोपीत राहणारा, मुकादमाची उचल डोक्यावर असलेला मजूर वकील कधी गाठणार? हीच अडचण ओळखून कोर्टांनी नियम सैल केला. 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले कच्चे कैदी शिक्षेच्या मुदतीपेक्षाही जास्त काळ तुरुंगात होते. वृत्तपत्रातल्या बातम्यांवरून एका वकील बाईंनी याचिका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकली. पुढे 1981 मध्ये एस. पी. गुप्ता निकालात न्या. भगवतींनी लिहिलं, की गरिबी किंवा असहायतेमुळे ज्यांना कोर्टात येता येत नाही, त्यांच्यासाठी प्रामाणिक हेतूने कोणीही नागरिक येऊ शकतो. उच्च न्यायालयात ही याचिका अनुच्छेद 226 खाली होते. मात्र मागणी सरकारी यंत्रणेकडे हवी, म्हणजे मजुरांची नोंदणी, तपासणी, सोयी. एखाद्या मजुराचा मुकादमाशी पैशांचा हिशेब मिटवायला हा मार्ग चालत नाही. आधी जिल्हाधिकारी आणि कामगार कार्यालयाला लेखी निवेदन द्या, पोच जपून ठेवा.