मोठ्या पीडीएफ आणि पीजीपर्यंतच्या नोट्स: लॅपटॉप कसा निवडावा

प्रश्न: मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकांच्या पीडीएफ खूप मोठ्या आहेत, उघडल्या की जुना लॅपटॉप अडकतो. नोट्स तिला पीजीपर्यंत लागतील. कोणता लॅपटॉप घ्यावा? दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला घ्या म्हणतो.

ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा आणि ते रॅम नि स्क्रीनवर घाला. कार्डामुळे वजन वाढतं, बॅटरी लवकर उतरते आणि पीडीएफ वाचायला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

लॅपटॉप का अडकतो ते आधी सांगतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात प्रत्येक पान म्हणजे एक फोटो असतो. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं असेल, तर त्यात सुमारे ८७ लाख पिक्सेल येतात. डिस्कवर ते दाबून अर्ध्या एमबीत बसवलेलं असतं, पण पडद्यावर दाखवताना उलगडावं लागतं आणि मग ते एकटं पान मेमरीत सुमारे ३५ एमबी जागा घेतं. ॲनाटॉमीच्या पुस्तकात आकृती शोधत वीस पानं भराभर सरकवली की ७०० एमबीचा हिशेब झाला. शेजारी ब्राउझरमध्ये लेक्चर चालू, दुसरी पीडीएफ उघडी, नोट्सचं ॲप उघडं; ८ जीबी रॅम इथेच संपते. म्हणून १६ जीबी घ्या. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ‘पुढे बघू’ म्हणण्याआधी हे दुकानात विचाराच. एसएसडी ५१२ जीबीची पुरेल.

आता स्क्रीन. १५.६ इंची, १६:९ स्क्रीनची उंची साधारण १९ सेंटीमीटर असते. १४ इंची, १६:१० स्क्रीनचीही जवळपास तेवढीच, जेमतेम अर्धा सेंटीमीटर कमी. वाचताना उंचीच कामी येते, त्यामुळे रोज कॉलेजला न्यायला १४ इंची १६:१० उत्तम. रिझोल्यूशन १९२० बाय १२०० तरी हवं, पॅनेल आयपीएस किंवा ओएलईडी.

खरेदीला जाताना तिची सगळ्यात जड पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. ती लॅपटॉपवर कॉपी करून उघडा आणि थेट सातशेव्या पानावर उडी मारा. पान पांढरं राहून सेकंदभराने उमटत असेल, तर त्या मशिनचा प्रोसेसर कमी पडतोय. मात्र एखादीच फाइल सगळीकडे अडकत असेल, तर दोष तिच्या स्कॅनचा आहे. जेपेग २००० पद्धतीने दाबलेली पानं उलगडायला चांगल्या मशिनलाही वेळ लागतो. तिथे वेगळा रीडर लावून बघा. विंडोजवर SumatraPDF हलका आहे.

नोट्सचं मात्र लॅपटॉपवर अवलंबून ठेवू नका. साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं पीजी. तोवर हा लॅपटॉप बहुधा बदललेला असेल. तिने पुस्तकात केलेलं हायलाइट कुठे साठतं, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. काही ॲप ते पीडीएफमध्येच लिहितात, काही स्वतःकडे ठेवतात. एक ओळ पिवळी करा, सेव्ह करा आणि तीच फाइल फोनवर दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. पिवळं दिसलं तर ठीक. नाही दिसलं, तर ते ॲप बंद पडेल त्या दिवशी सगळ्या खुणा जातील.

अख्खं पुस्तक एकाच फाइलमध्ये ठेवलं, की काही ॲपमध्ये एका हायलाइटसाठी ४०० एमबी पुन्हा सेव्ह होतात आणि काही क्लाउड सेवा तेवढं सगळं परत अपलोड करतात. हॉस्टेलच्या वायफायवर हे निभत नाही. धडे वेगळे करा. त्यासाठीचं qpdf फुकट आहे, कमांड लाइनवर एका ओळीत काम होतं. ही ओळ ४१ ते १२० पानं वेगळ्या फाइलमध्ये काढते:

```
qpdf anatomy.pdf --pages . 41-120 -- upperlimb.pdf
```

स्कॅनमध्ये Ctrl+F चालत नसेल, तर त्यावर एकदा ओसीआर करून घ्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखली जाऊन शोधता येतील. फायनल इयरला पहिल्या वर्षाचं ब्रेकियल प्लेक्सस शोधायची वेळ येते, तेव्हा हेच उपयोगी पडतं.

बॅकअप दोन ठेवा, एक क्लाउडवर आणि एक घरी बाहेरच्या डिस्कवर. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मदरबोर्ड गेला, तर डिस्क शाबूत असूनही ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय आतलं काही हाती लागत नाही. ही की aka.ms/myrecoverykey वर तिच्या खात्यात सापडेल. कागदावर छापून तिच्या ॲडमिशनच्या फाइलमध्ये ठेवा.