मोटर चौथ्या भागात बंद ठेव

सांगली, सोमवार

बाळा,

रविवारी स्क्रिप्ट माझ्याकडे ठेवून आणि काकूने दिलेली भडंग घेऊन तू तोंड पाडून गेलास. ग्रुपमध्ये तुझ्या मालिकेचं वाचन झालं, त्यातल्या अप्पांच्या ‘मोटर बंद केली का?’ला पहिल्या तीन भागांत लोक हसले, नंतर हसेनात. तुझा प्रश्न, वाक्य काढून टाकू की आणखी मजेदार करू? दोन्ही नको. वाक्यात काही खोट नाही. तू लोकांना ते विसरू देत नाहीस.

पुन्हा येणारा विनोद हसवतो तो आठवल्यामुळे, आणि आठवायला आधी थोडं विसरावं लागतं. आठही भागांत अप्पा मोटर विचारतात, मग प्रेक्षकाने आठवायचं काय? ते वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखं झालंय, टिकटिक चालू असते पण कुणाला ऐकू येत नाही.

‘हाउ आय मेट युअर मदर’ ही अमेरिकन मालिका तू दोनदा पाहिलीस म्हणालास. थपडांची पैज कशी रचलीय ते बघितलंस का? 2006 साली, दुसऱ्या सीझनमध्ये मार्शल त्याच्या मित्राशी, बार्नीशी लावलेली पैज जिंकतो. बार्नीला पाच थपडा, कधी मारायच्या ते मार्शल ठरवणार. एक लगेच बसते. बाकीच्या पुढे कितीतरी वर्षं उधार. मधे काही सीझन एकही थप्पड नाही, लोक विसरतात, आणि नेमकं तेव्हाच मार्शलचा हात उठतो. पुढे तीन थपडा वाढवल्या. शेवटची बसते 2014 साली, बार्नीच्या लग्नाच्या दिवशी, तो घाबरून गांगरलेला असताना. थप्पड तीच, पण इतकी वर्षं शिक्षा होती ती त्या दिवशी मित्राला भानावर आणते. त्याच दिवशी पहिल्यांदा टीव्ही लावलेल्याला घाबरलेला नवरदेव आणि एक थप्पड दिसेल, तोही हसेल. आठ वर्षं हिशेब ठेवणाऱ्याला मात्र उधारी फिटल्यासारखं वाटतं. निष्ठावंत प्रेक्षकाला बक्षीस द्यायचं ते असं, नवख्याला दाराबाहेर न ठेवता.

आता अप्पा. पहिल्या भागात वाक्य विनोदी करूच नकोस. टाकी खरोखर भरून वाहतेय, अप्पा खरोखर ओरडतायत, संपलं. दुसऱ्या भागात साखरपुड्यात, अंगठी अर्ध्या बोटात असताना. तिसऱ्यात आणखी एकदा, कारण तिसऱ्या खेपेला प्रेक्षकाला कळतं की ही या माणसाची खोड आहे. चौथ्या-पाचव्यात मोटरचं नाव नाही. विसरू दे. सहाव्यात अप्पांना स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेतायत. ते तोंड उघडतात, सगळे थांबतात, आणि अप्पा गप्प. मग अप्पांची बायको त्यांच्या कानाशी वाकून म्हणते, ‘बंद केलीय हो.’ तू ‘मोटर’ हा शब्द लिहिलाच नाहीस, तो प्रेक्षकाने मनात म्हटला. तिथे मागच्या भागाचा तुकडा दाखवलास तर मी स्क्रिप्ट कृष्णेत सोडीन. आठवण करून दिलेली गोष्ट आठवलेली नसते.

वाचनात कान असे लाव. वाक्य पुरं व्हायच्या आधी हशा आला तर गॅग पिकलाय. वाक्यानंतर, मागच्या वेळेइतकाच आला तर उतार लागलाय. कुणी तुझ्या नटाबरोबर वाक्य म्हणायला लागलं तर खूश होऊ नकोस, पुढचे दोन भाग ते गाळ.

मी हे शहाणपणाने नाही सांगत. मुंबईत मालिका लिहायचो तेव्हा आमच्या शेजारच्या काकू ‘आमचा डबा?’ विचारायच्या. रिकामा स्टीलचा डबा परत मागणं, एवढंच. अकराव्या भागात लोकांनी उचलून धरलं आणि निर्मात्यांचा फोन आला, रोज पाहिजे. मी भांडलो. खरंच भांडलो, त्यांना लिहिलेला कागद अजून कपाटात आहे, तुझी काकू साक्षीला आहे. पण घराचे हप्ते होते, रोज लिहिला. चाळिसाव्या भागापर्यंत डब्याला कुणी हसत नव्हतं. शेवटच्या भागात घर सोडून जाणारी सून डबा परत करते, भरून. त्या प्रसंगासाठी मी पहिल्या दिवसापासून थांबलो होतो. सेटवर कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही, माझ्याही नाही. रोज दिसणाऱ्या डब्यात काय भरणार?

तू म्हणशील, पोपटलालचं लग्न ‘तारक मेहता’त वर्षानुवर्षं जवळपास रोजचंच आहे, चालतं की! चालतं, कारण तिथे वाक्य नाही, आशा आहे. दर वेळी नवी मुलगी येते, नव्याने वाटतं की जमेल. तुझ्या मोटरला कसली आशा? ती एकतर चालू, नाहीतर बंद. म्हणून म्हणतो, विसरू दे.

सातवा-आठवा भाग मी सांगणार नाही, ते तुझं काम. चौथा आणि पाचवा मोटरशिवाय लिहून रविवारी घेऊन ये. सकाळी ये, दुपारी मी झोपतो.

आणि येताना, आमचा डबा.

तुझा,
काका