टेबलात क्षमता शिल्लक, तरी राइट्स अडतात

भाऊ, डायनॅमोडीबीच्या टेबलात क्षमता शिल्लक असूनही तुझे राइट्स अडत असतील तर क्षमता वाढवू नकोस, आधी तुझी पार्टिशन की बघ. वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागांसाठी मी सिंगल-टेबल केलं होतं. शेतकरी, बाग, सेन्सरची नोंद, सगळं एकाच टेबलात. नोंदींची की अशी होती:

```
PK = DAY#2024-11-20
SK = 06:00:00#S417
```

तासाच्या ठोक्याला 700 सेन्सर एकाच सेकंदात 2 केबीची नोंद पाठवायचे, म्हणजे 1400 राइट युनिट. टेबलाला 4000 दिली होती, तरी नोंदी नाकारल्या जात. कारण एका पार्टिशनची मर्यादा सेकंदाला 1000 राइट युनिट आहे आणि त्या दिवसाची प्रत्येक नोंद एकाच कीवर पडत होती. अॅडॅप्टिव्ह कपॅसिटी ही मर्यादा ओलांडत नाही. सॉर्ट कीत वेळ चढती असली की पार्टिशन फुटूनही नव्या नोंदी शेवटच्याच तुकड्यात जातात.

क्लाउडवॉचच्या मिनिटाच्या सरासरीत हा झटका दिसतच नाही, मी त्यात दोन दिवस घालवले. `WriteThrottleEvents` बघ, आणि कोणती की तापली ते कॉन्ट्रिब्युटर इनसाइट्समध्ये सापडेल.

मी की `SENSOR#417` केली, वेळ सॉर्ट कीत ठेवली. पूर्ण दिवसाची यादी हवीच असेल तर सेन्सर क्रमांकाला 4 ने भागून उरणारी बाकी जोड, `DAY#2024-11-20#1` अशी. प्रत्येक कीवर साधारण 350 युनिट येतील. वाचताना मात्र चार क्वेरी करून निकाल एकत्र करावे लागतात. आणि नुसती तारीख जीएसआयची, म्हणजे ग्लोबल सेकंडरी इंडेक्सची की करू नकोस, तिथे अडलं की मूळ टेबलाचे राइट्सही अडतात.