फोटोतली मागची बिल्डिंग नकाशावर कुठली? रिक्षा सोडा, मजले मोजा

प्रश्न: गच्चीतून काढलेल्या फोटोत मागे एक उंच बिल्डिंग दिसतेय. ओपनस्ट्रीटमॅपवर तिची उंची टाकायचीये, पण त्या दिशेला दोन-तीन चौकोन आहेत, नक्की कुठला तिचा ते कळत नाहीये. खाली रस्त्यावर रिक्षा आहे, तिची उंची १.७ मीटर धरून स्केल लावला तर मागचे आठ मजले मिळून सहा मीटरसुद्धा भरत नाहीत 😅 काय चुकतंय?

उत्तर:

रिक्षाचं माप बरोबरच आहे हो, पण ते रिक्षा जिथे उभी आहे तेवढ्याच अंतरावर चालतं. ती तुमच्यापासून पन्नास-साठ मीटरवर असणार आणि बिल्डिंग तिच्या चौपट लांब, मग मजले चौपट बारीक दिसणारच. हीच रिक्षा त्या बिल्डिंगच्या गेटला लागलेली दिसत असती तर सोन्याहून पिवळं. तशी दिसत नसेल तर बिल्डिंगच्या अंगावरचंच काहीतरी पकडायचं, आणि आपल्याकडे त्यासाठी मजल्यासारखं दुसरं काही नाही. रहिवासी बिल्डिंगमध्ये स्लॅब ते स्लॅब साधारण २.९ ते ३.१ मीटर असतं, मी ३ धरतो. ऑफिसं किंवा खाली दुकानं असतील तर हा आकडा वापरू नका, तिथे मजला बराच उंच असतो.

आता अंतर काढायला फोनची एक संख्या लागते, फोकल लेंग्थ पण पिक्सेलमध्ये. फोटोच्या डिटेल्समध्ये ३५ एमएम इक्विव्हॅलंट दिलेली असते, माझ्या फोनला २६ येते. तिला ४३.३ ने भागायचं (फिल्मच्या फ्रेमचा कर्ण) आणि फोटोच्या कर्णाच्या पिक्सेलने गुणायचं. ४००० बाय ३००० च्या फोटोचा कर्ण ५०००, म्हणजे जवळपास ३००० पिक्सेल. मग एवढंच:

```
D = f_px * H / h_px
```

H म्हणजे वस्तूची खरी उंची मीटरमध्ये, h_px म्हणजे फोटोत ती किती पिक्सेल भरते ते. डिटेल्सवर भरवसा नसेल तर घरातलं दार टेपने मोजा, पाच मीटरवरून झूम न करता समोरून फोटो काढा. दार २.१ मीटरचं असेल तर माझ्या फोनमध्ये ते १२६० पिक्सेल यायला हवं. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवरून आलेला किंवा क्रॉप केलेला फोटो घेऊ नका, त्यात फोटो लहान झालेला असतो, डिटेल्सही उडालेले असतात आणि मग लोक इथे येऊन विचारतात की बिल्डिंग नदीपात्रात कशी काय आली.

माझंच एक उदाहरण सांगतो. कोथरूडला आमची बिल्डिंग पार्किंग अधिक चार मजले, गच्चीतून टेकडीच्या बाजूला फोटो काढला, मागे एक टॉवर, त्याचे खालचे मजले झाडांनी झाकलेले. एक मजला मोजला तर ३५ की ३७ पिक्सेल कळेना, आणि तेवढ्यानेच अंतरात पंधराएक मीटरचा फरक पडत होता, म्हणून स्वच्छ दिसणारे आठ मजले एकदम मोजले, २८८ पिक्सेल, म्हणजे मजल्याला ३६. अंतर आलं २५० मीटर. मजला २.९ चा असेल तर २४२, ३.१ चा असेल तर २५८. मोजण्यातली इकडची तिकडची चूक धरून नकाशावर २३५ ते २६५ मीटरचा पट्टा आखला. त्या दिशेला उमेदवार दोन होते, एक १८० मीटरवर आणि एक साधारण २५५ वर. १८० वाल्याचा मजला फोटोत ५० पिक्सेल दिसायला हवा होता, म्हणजे तो बाद. (अंतर बिल्डिंगच्या मध्यापर्यंत नाही, आपल्याकडच्या कोपऱ्यापर्यंत मोजा.)

तरी एवढ्यावर थांबू नका, कारण फोकल लेंग्थच चुकली असेल तर पट्टाही चुकीच्या जागी पडतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून दुसरी तपासणी, जी मला जास्त आवडते, कारण तिला फोकल लेंग्थ लागतच नाही. टॉवरच्या दोन भिंती दिसत होत्या, लांब बाजू २१८ पिक्सेल रुंद आणि आखूड बाजू ८४. गुणोत्तर २.६. नकाशावर २५५ वाल्याचा आकार २१ बाय १४ मीटर होता आणि त्याची लांब भिंत अगदी माझ्यासमोर असण्याऐवजी ३० अंशात वळलेली. वळलेली भिंत अरुंद दिसते, २१ ची दिसेल १८.२ आणि १४ ची दिसेल ७, गुणोत्तर २.६. जुळलं. शिवाय २१८ पिक्सेल म्हणजे सहा मजल्यांएवढी रुंदी, म्हणजे १८ मीटर, तेही जुळलं. १८० वाला चौरस होता, १६ बाय १६, तो तेवढाच वळलेला धरला तरी गुणोत्तर १.७ च्या पुढे जात नाही. फक्त बाल्कन्या बाहेर आलेल्या असतील तर फोटोत आणि नकाशावर एकच कड धरताय ना ते बघा, एकीकडे बाल्कनी धरून आणि दुसरीकडे सोडून मोजलं की सगळं फिसकटतं.

आता उंची, आणि इथे मी स्वतः आपटलोय. तिरक्या दिसणाऱ्या भिंतीवर तुमच्या डोळ्यांच्या वरचे स्लॅब लांब जाताना खाली उतरतात, खालचे वर चढतात, आणि जो सरळ आडवा दिसतो तो बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो (फोन सरळ धरलेला हवा, एका बाजूला कललेला नको). माझी गच्ची १५ मीटर, उभा राहून फोन १६.५ वर. त्या आडव्या स्लॅबपासून टॉवरच्या कठड्यापर्यंत २७० पिक्सेल, म्हणजे २५० मीटरवर २२.५ मीटर. एकूण ३९. कठड्याचा सव्वा मीटर वजा केला की साडेबारा मजले! आता साडेबारा मजल्यांची बिल्डिंग कोण बांधतं.

रविवारी चालत गेलो, वॉचमनने कुणाकडे जायचंय म्हणून हटकलं, बाहेरूनच मोजले: पार्किंग अधिक अकरा, म्हणजे बारा थर, ३६ मीटर आणि वर कठडा, ३७ च्या आसपास. ते उरलेले दोन मीटर कुठून आले? चढातून. टेकडीकडे जाताना जमीन वर जाते आणि माझा हिशोब तिथली जमीन आमच्या पार्किंगच्या पातळीला आहे असं धरून चालला होता. सपाट भागात हे चालून जातं, पण कोथरूड, बावधन, सहकारनगरच्या चढावर आधी दोन्ही ठिकाणच्या जमिनीची उंची बघा आणि फरक वजा करा. फोन खूप वर करून काढलेल्या फोटोत वरचे मजले वेगळ्या मापाचे येतात, त्यामुळे बिल्डिंग फोटोच्या मधोमध असलेली बरी.

नकाशावर मी `building:levels=12` आणि `height=37` टाकलं, पार्किंग धरून, कारण तोही जमिनीवरचाच थर आहे. आणि तो २५५ आणि माझ्या २५० मधला फरक राहिलाच होता, तोही नंतर सापडला. सॅटेलाइट फोटो तिरका होता आणि कुणीतरी पायाऐवजी छताची कड गिरवली होती. पंधरा अंश तिरप्यात ३७ मीटरच्या टॉवरचं छत पायापासून दहा मीटर सरकलेलं दिसतं. आकार बदलत नाही, फक्त जागा हलते, म्हणून गुणोत्तर जुळलं आणि अंतर थोडं चुकलं. चौकोन उचलून पायावर आणला, आता कोपरा २४७ वर येतो.