तोंडी पाच पानं, वहीत चार ओळी

"ताई, मुलगा पाचवीत आहे, सीबीएसई. गोष्ट सांगायला लागला की सगळं घर ऐकत बसतं, पण वहीत चार ओळी आणि त्या त्यालाच वाचता येत नाहीत. पेपर अर्धा राहतो. टीचर म्हणतात आळशी आहे, रोज दोन पानं लिहून घ्या. रोज आम्ही दोघं रडतो. लॅपटॉप दिला तर हाताची उरलीसुरली सवयही जाईल का?"
– एक आई, ठाणे

अगं, ती दोन पानं आजच बंद कर. आधी घरी एक करून बघ. एकाच विषयावर दहा मिनिटं त्याला बोलू दे आणि तू लिहून घे, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं त्याला लिहू दे, तिसऱ्या दिवशी पुस्तकातला उतारा नुसता उतरवू दे, आणि शब्द मोज. माझ्या भाच्याचं तोंडी दीडशेच्या वर गेलं, लिहून बावीस, आणि उतरवतानाही तीसच्या पुढे नाही. म्हणजे डोक्यात मजकूर तयार होता पण हात अडत होता, वेलांटी कुठून वळवायची, जोडाक्षर कसं जोडायचं हे अजूनही प्रत्येक वेळी आठवावं लागत होतं, आणि त्यात पुढचं वाक्य निसटून जायचं. उतरवणं बरं जमलं आणि स्वतःचं लिहिताना अडला तर मात्र स्पेलिंग किंवा वाक्यरचनेकडे बघावं लागेल. हे आकडे घेऊन सायकॉलॉजिस्टकडे जा, डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अडचण, आहे की नाही ते तपासणीनंतरच कळेल, आणि डोळेही तपासून घे.

आता लॅपटॉप. हातात दिला की झालं असं नाही गं, इथेच बरेच पालक कंटाळतात. सुरुवातीला टायपिंग हातापेक्षाही हळू होतं, भाचा पहिला महिनाभर चिडायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं, न बघता, बोटं ठरलेल्या कीवर. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड लेआउट शिकव, स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या, जोडाक्षराला मध्ये `d` दाबायचा, वेलांटीचं वळण आठवायचं कामच नाही. टायपिंगचा वेग हाताच्या पुढे जाईपर्यंत निबंध तो सांगेल, तू लिही, आणि टीचरना ते आधीच सांगून ठेव. हाताने लिहिणं सोडायचं नाहीच, नाव, तारीख, छोटी उत्तरं, आणि गणित चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक. पण थोडंसंच.

डिसग्राफिया निघाला तर शाळेत "प्लीज समजून घ्या" म्हणत बसू नकोस, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो नावानिशी आहे. सर्टिफिकेट असेल तर सीबीएसई बोर्डात तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक किंवा कॉम्प्युटर वापरायची परवानगीही मिळते. दहावीत एकदम कीबोर्ड समोर आला तर मुलगा गोंधळेल म्हणून सहावीपासूनच युनिट टेस्ट टाइप करून द्यायची परवानगी लेखी माग, आणि अर्जासोबत तुझे ते तीन दिवसांचे कागद जोड.