साडी भेट दिली तर ब्रीफमध्ये काय लिहायचं?

प्रश्न: नागपुरात करवत काठी साड्या लाँच करतोय. इन्फ्लुएन्सरला पैसे नाही, साडीच देणार. ब्रीफमध्ये काय हवं?

साडी फुकट दिली तरी ती जाहिरातच, म्हणून ‘जाहिरात: साडी दुकानाकडून भेट’ हे वाक्य ब्रीफमध्ये जसंच्या तसं द्या. ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत भेटवस्तूही उघड करायला सांगितलंय, तेही रीलच्याच भाषेत. कॅप्शनच्या सुरुवातीलाच लिहा, हॅशटॅगमध्ये दडवू नका. जाहिरात मानक परिषदेच्या नियमानुसार ३० सेकंदांच्या रीलवर ते किमान १० सेकंद दिसलं पाहिजे.

सांगायचे मुद्दे दोनच: टसर हातमागाचं आहे, आणि काठाला करवतीसारखे दाते आहेत. ते दाते कॅमेऱ्याजवळ धरून दाखवायचे. टोन मैत्रिणीशी बोलल्यासारखा, शब्द इन्फ्लुएन्सरचेच. मात्र माल यंत्रमागाचा असेल तर ‘हातमाग’ म्हणायला लावू नका.