रेटिंग तेवढंच आहे, मग लोकांचं मत बदलतंय हे कमेंटवरून कसं ओळखायचं?

प्रश्न: "बडोद्यात आमचा घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा ब्रँड आहे. महिन्याला पन्नासेक कमेंट आणि रिव्ह्यू येतात, बहुतेक चांगलेच. तरी जुनी गिऱ्हाइकं थोडी दूर गेल्यासारखी वाटतात. हे कमेंट वाचून कळतं का? त्यासाठी पैसे भरून एखादं टूल घ्यावं का?"

कळतं, आणि महिन्याला पन्नास उल्लेखांसाठी टूल घेऊ नका. गेली काही वर्षं मी बडोद्यातल्या छोट्या खाण्याच्या धंद्यांची इन्स्टाग्रामची पानं सांभाळतो. माझा अनुभव असा की स्टार सगळ्यात शेवटी हलतात. त्याआधी लोक कौतुक करताना वापरतात ते शब्द बदलतात. कौतुक चालूच असतं, पण कशाचं करतात ते बदललेलं असतं, आणि हे चांगलं-वाईट असं मोजणाऱ्या टूलला दिसत नाही. त्यात आपल्याकडे एकाच वाक्यात गुजराती, हिंदी आणि मराठी असतं, तेही रोमन अक्षरांत. ते माणसानेच वाचायला हवं.

माझ्या मावशीचं उदाहरण सांगतो, कारण ते मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं आहे. दांडिया बाजारात ती आणि आणखी तीन बायका मिळून मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला करतात. पूर्वी साध्या पारदर्शक पिशवीत माल जायचा. मग दोन-तीन दुकानदारांनी नीट छापील पुडा मागितला, एफएसएसएआयचा नंबर, वजन, तारीख सगळं असलेला. मावशीने पुडा बदलला. विक्री वाढली, गूगलवरचं रेटिंग ४.७ होतं ते ४.७च राहिलं. सगळे खूश होते. पण रोज फोन उचलणारी मावशी म्हणत होती, "अरे, नेहमीची माणसं बोलताना जरा परकी वाटतात."

तेव्हा आम्ही साधी गूगल शीट उघडली. रकाने पाच: तारीख, कुठे लिहिलं, जुनं गिऱ्हाईक की नवं, गिऱ्हाइकाचे मूळ शब्द, आणि तो कशाबद्दल बोलतोय. यात चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे आपण सारांश लिहायचा नाही. "चव आवडली" असं आपण लिहिलं की हातातला पुरावा गेला. "मारी बा बनावती एवुं", म्हणजे माझी आई करायची तसं, असं लिहिलं असेल तर मूळ शब्दच उतरवायचे, शुद्धलेखनासकट. पाचव्या रकान्यात चव, भाव, पुडा, पोहोचवणं, कोण बनवतं, असे पाच-सहाच शब्द ठरवून ठेवायचे.

गोळा करायला आठवड्याला पाऊण तास पुरतो. गूगलचे रिव्ह्यू `Newest` लावून वाचा, कारण एरवी जुनेही वर दिसत राहतात. इन्स्टाग्रामवर कुणी स्टोरीत तुम्हाला टॅग केलं तर ती स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ती त्याच दिवशी शीटमध्ये उतरवा. इन्स्टाग्राम काही कमेंट आपोआप लपवतं, त्याही उघडून बघा. आणि नुसतं ब्रँडचं नाव शोधू नका. मावशीच्या बाबतीत बरेच लोक नाव लिहितच नाहीत, "दांडिया बाजारवाळां काकी" लिहितात. मेतकूटही `metkut`, `metkoot`, `methkut` असं तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडलं.

मागचे काही महिनेही आम्ही जमतील तेवढे भरले. मग जुलै आणि ऑक्टोबर शेजारी ठेवले. जुलैत, म्हणजे पुडा बदलण्याआधी, ४१ उल्लेख होते आणि त्यांतल्या १४ जणांनी घर, आई, आजी, "घर जेवुं" म्हणजे घरच्यासारखं, अशा धर्तीचं काहीतरी लिहिलं होतं. ऑक्टोबरात ५८ उल्लेख आणि असे फक्त ६. तीनांत एक होता तो दहांत एकावर आला. त्या जागी आलं होतं "पॅकिंग सरस", "गिफ्ट के लिए बढ़िया", "क्वालिटी छान". एकही शब्द वाईट नाही! म्हणूनच रेटिंग हललं नव्हतं. पण घरची काकी जाऊन तिथे एक चांगली कंपनी येऊन बसली होती.

मोजण्यासाठी मी आधी हे लिहिलं होतं:

```
=COUNTIF(D:D,"*ghar*")
```

यात फसायला होतं. "ghar pe delivery milegi?" हेही त्यात मोजलं जातं, आणि देवनागरीतलं "घर" किंवा गुजराती लिपीतलं घर सुटतं. म्हणून सूत्राच्या आकड्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालून पाचवा रकाना हाताने भरायचा. पन्नास ओळींना कितीसा वेळ लागतो? एकाच माणसाने भरला तर उत्तम. दोघे भरणार असाल तर आधी तीच वीस वाक्यं दोघांनी वेगवेगळी भरून पाहा. जिथे जुळत नाही तिथे शब्दाचा अर्थ अजून ठरलेला नाही असं समजा.

ओळी वाचताना दोन गोष्टींवर माझी नजर आता आपोआप जाते. पहिली म्हणजे काळ सांगणारे शब्द: आता, पूर्वी, अजून, अब, पहले, हवे, पहेलां, हजी. "पहेलां जेवुं नथी", पहिल्यासारखं नाही, ही तक्रार कुणालाही कळते. पण "हजी पण एवो ज स्वाद छे", अजूनही तीच चव आहे, हे कौतुक मी पिवळ्या रंगाने रंगवतो. त्या माणसाला चव बदलली असेल अशी शंका आली होती, म्हणून तर "अजूनही" आलं. ऑक्टोबरात अशी चार वाक्यं होती, जुलैत एकही नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. प्रश्नाला आपण पटकन उत्तर देतो आणि विसरतो, शीटमध्ये तो येतच नाही. ऑक्टोबरात "क्यां बने छे?" आणि "कोण बनावे छे?", म्हणजे कुठे बनतं आणि कोण बनवतं, असं पाच जणांनी विचारलं होतं. मीच प्रत्येकाला "आम्हीच बनवतो, दांडिया बाजारात" असं नम्रपणे कळवून मोकळा झालो होतो. पाच वेळा तेच उत्तर देऊनही लोक हे का विचारतायत हा प्रश्न मला पडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण सगळं उत्तर त्या पाचांतल्या एका कमेंटमध्ये होतं: "मार्केटेड बाय लख्युं छे, तो बनावे छे कोण?" म्हणजे, मार्केटेड बाय लिहिलंय, मग बनवतं कोण?

पुडा काढून पाहिला. मागे बारीक अक्षरांत खरंच "मार्केटेड बाय" होतं. छापणाऱ्याने दुसऱ्या कुणाच्या पुड्यावरचा मजकूर उचलून नाव-पत्ता बदलला होता, आणि मंजुरी देताना आम्ही कुणीच तो शब्द वाचला नव्हता. माल एकाने बनवून दुसरा विकतो तेव्हा विकणाऱ्याच्या नावाआधी हे शब्द येतात. ज्याला लेबल वाचायची सवय आहे त्याने सरळ अर्थ काढला की काकी आता बाहेरून माल घेतात.

तरीही एका कमेंटवरून निष्कर्ष काढायचा नाही. कमेंटने फक्त कुठे बघायचं ते कळतं, खरं-खोटं गिऱ्हाइकालाच विचारावं लागतं. मावशीने वहीतून दोन वर्षांपासूनची बारा गिऱ्हाइकं काढली आणि फोन केले. "मसाला आवडतो का" असं विचारायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण त्याला सगळे "हो, छान" म्हणतात. "शेवटचा पुडा कधी नेलात, आणि कुणाला दिलात तर काय सांगून दिलात?" एवढंच विचारलं. रावपुऱ्यातल्या एक काकू सहज म्हणाल्या, "अगं, पूर्वी सांगायची की माझ्या ओळखीच्या बाई करतात. आता तुमचं मोठं झालं ना, मशीनवरच होत असेल." बारांपैकी सात जणांनी या ना त्या शब्दांत हेच सांगितलं. कुणी रागावलेलं नव्हतं, म्हणून कुणी एक स्टारही कमी केला नव्हता.

उरलेल्या पुड्यांवर आम्ही दुरुस्तीचं स्टिकर लावलं आणि पुढच्या छपाईत "मॅन्युफॅक्चर्ड बाय" घेतलं. पुड्याला छोटी पारदर्शक खिडकी ठेवली. भाजणी कुठल्या दिवशी भाजली ते मावशी आता स्वतःच्या अक्षरात लिहिते. जानेवारीत ४९ उल्लेखांत ११ वेळा घर परत आलं. जुलैइतकं नाही, आणि हे सगळं पुड्यामुळेच झालं असंही मी म्हणणार नाही. मध्ये दिवाळी होती, दिवाळीत भेट म्हणून नेणारे नवे लोक खूप येतात, आणि त्यांना घर आठवायचं कारण नसतं. म्हणूनच जुनं की नवं हा रकाना लागतो. फक्त जुन्यांच्या ओळी वेगळ्या काढल्या तेव्हा उतार आणि चढ दोन्ही अधिक ठळक दिसले. तुमच्याकडे महिन्याला तीसपेक्षा कमी उल्लेख असतील तर दोन-दोन महिने जोडून पाहा, नाहीतर दोन बोलक्या माणसांमुळेही आकडा उलटा-सुलटा होतो. "तीन मित्रांना टॅग करा" असली स्पर्धा घेतली असेल तर तिच्या कमेंट मोजूच नका.

एक जागा मात्र या शीटमध्ये कधीच येत नाही, ती म्हणजे सोसायट्यांचे आणि नातेवाइकांचे व्हॉट्सॲप ग्रुप. तुमची जुनी गिऱ्हाइकं तुमच्याबद्दल बोलतात ती बहुधा तिथेच. त्यासाठी आम्ही ऑर्डरच्या वहीत प्रत्येक ऑर्डरखाली एक ओळ रिकामी सोडतो. फोनवर गिऱ्हाईक मसाल्याबद्दल जे काही आपण होऊन बोललं ते मावशी त्याच्याच शब्दांत तिथे लिहिते, आणि रविवारी त्या ओळी शीटमध्ये जातात. परवाच्या पानावर मांजलपूरच्या एका आजोबांच्या नावाखाली लिहिलंय: "या वेळी मेतकूट जरा जास्त भाजलंय, पण हात तुमचाच आहे."